धूर, फ्रिजचा ट्रे आणि मामांचा मनीप्लांट

प्रश्न: आमच्या सोसायटीत महापालिकेचे लोक डासांसाठी धूर करून जातात. त्या धुरात नेमकं काय असतं? त्याचा खरंच उपयोग होतो का? घरात लहान मूल आहे, काय काळजी घ्यावी?

मी कोथरूडला राहते, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि तीन वर्षांपूर्वी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या माझ्याच फ्रिजमागे सापडल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमच्या इमारतीतल्या कुणाला ते सांगण्याचा आनंद मिळायला नको.

धुरात काय असतं, तर मुख्यतः डिझेल. खांद्यावरच्या मशीनची नळी आतून तापलेली असते, तिच्यात डिझेल आणि औषधाचं मिश्रण पडतं, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत आली की तिचे बारीक थेंब होतात. तो पांढरा ढग म्हणजे हे थेंब. मॅलाथिऑन वापरत असतील तर एक भाग औषधाला १९ भाग डिझेल, म्हणजे औषध साधारण ५ टक्के. नाहीतर सायफेनोथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, तेही थोडंच. घरात हातपंपाने मारतात ते पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढतात. ते रॉकेलमध्ये इतकं पातळ करतात की शेवटी ०.१ टक्का उरतं. तेव्हा ढग जितका पांढरा तितकं औषध कडक, हा समज सोडा. पांढरेपणा तेलाच्या थेंबांचा असतो. ढगावरून फार तर थेंब कसे पडतायत ते कळतं. मशीन गेल्यावर फरशीवर किंवा गाडीच्या काचेवर तेलाचे ठिपके दिसले, तर थेंब मोठे होते. असे थेंब लगेच खाली बसतात. डासाला लागायला ते हवेत तरंगत राहावे लागतात.

आणि हा धूर फक्त उडणाऱ्या डासाला मारतो, तेही थेंब त्याच्या अंगाला लागला तर. पाण्यातल्या अळीला, कोषाला, भांड्याच्या कडेला चिकटलेल्या अंड्याला काही होत नाही. ढग विरला की मागे असर राहत नाही.

आता मामांचं सांगते. मामा म्हणजे माझे मामेसासरे. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून सोसायटीचे चेअरमन आहेत. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांनी सोसायटीच्या पैशातून एक खाजगी धूरवाला लावला. दर रविवारी, सकाळी अकरा वाजता. अकराच का, तर सगळे घरी असतात, काम झालेलं दिसतं. मी मीटिंगमध्ये म्हटलं, मामा, अकराला फरशी तापलेली असते, गरम हवेबरोबर धूर सरळ वर जातो, गच्चीवरच्या कबुतरांना होईल फायदा. हे काम पहाटे नाहीतर दिवस मावळताना करायचं, वारा पडलेला असताना, म्हणजे धूर जमिनीलगत रेंगाळतो. एडिस चावतोही साधारण त्याच वेळांना. मामा म्हणाले, "सूनबाई, तुमचं पुस्तकातलं ज्ञान वर्गात ठेवा." दोन काकवांनी मान डोलावली. चार रविवार धूर झाला. पोरं मागे धावली, धूरवाल्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल होता, आणि सगळ्यांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या.

ते खिडक्यांचं मला फार लागतं. डेंग्यूचा डास बागेपेक्षा घरातच जास्त सापडतो. तो पलंगाखाली, पडद्यामागे, दारामागे टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो. बाहेरून धूर जात असताना खिडक्या लावणं म्हणजे डासाला आत सुरक्षित ठेवणं.

गणपती उठले आणि पहिल्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या मुलीला मंगळवारी ताप आला. शुक्रवारी डेंग्यूची एनएसवन चाचणी पॉझिटिव्ह. शनिवारी सकाळी पालिकेचे दोघे दारात. त्यांनी मशीन आणलंच नव्हतं. एक टॉर्च, एक पांढरा डाव आणि ड्रॉपर. मला वाटलं हे धूर करतील आणि जातील. त्यातले वयाने मोठे होते ते म्हणाले, "ताई, आधी पाणी दाखवा. धुराचं संध्याकाळी बघू."

माझ्याकडे कुंड्यांखालच्या बशा कोरड्या होत्या, मी अभिमानाने दाखवल्या. त्यांनी न बोलता फ्रिज पुढे ओढला. मागे कॉम्प्रेसरवर ट्रे असतो, बर्फ वितळून त्यात पाणी साठतं. दहा वर्षांत मी तो ट्रे पाहिलेला नव्हता. कोमट, स्वच्छ, अंधारातलं पाणी, एडिसला आणखी काय हवं? टॉर्च टाकल्याबरोबर अळ्या वळवळत तळाला गेल्या. लहान होत्या, दुसऱ्या अवस्थेतल्या, मोजून अकरा. वर्गात फळ्यावर ज्याचं चित्र काढते ते माझ्या स्वयंपाकघरात.

मग गच्चीवर एक फुटका ड्रम निघाला, आणि मग मामांची बाल्कनी. सात बाटल्या, सातांत मनीप्लांट. मामा म्हणाले, "ते पाणी स्वच्छ आहे, दर आठवड्याला नवीन भरतो." भरत होते हे खरं, पण जुनं न ओतता वरून भर घालत होते. पाच बाटल्यांत अळ्या, आणि दोन बाटल्यांत कोष, स्वल्पविरामासारखे वाकलेले. पालिकेची नोटीस चेअरमनच्या नावाने निघते. मामांनी सही केली. मी जिन्यात उभी होते.

तेव्हापासून आमच्याकडे वाद आहे की सुरुवात कुणाच्या घरातून झाली. मामा प्रत्येक कार्यात सांगतात, "बायॉलॉजीच्या मॅडम, अळ्या फ्रिजमागे." म्हणून एकदा नीट हिशेब मांडते. पुण्यातल्या पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. अंडं फुटायला दोनेक, अळीचे पाचेक, कोषाचे दोन. शनिवारी मामांकडे कोष होते, म्हणजे त्यांची अंडी निदान आठवडाभर आधीची. म्हणजेच चौथ्या रविवारचा धूर झाला तेव्हा ती मंडळी बाटलीत आरामात होती. माझ्याकडच्या अळ्या दोन-तीन दिवसांच्या, त्यांची अंडी बहुधा मंगळवारची. पण अंडी घालायच्या आधी मादीला रक्त प्यावं लागतं आणि ती पिकायला तीनेक दिवस जातात. म्हणजे मंगळवारी माझ्या ट्रेवर बसलेली मादी रविवारी अकरा वाजता जिवंत होती आणि धूर झाल्यावरही जिवंत राहिली. कुठे? कुणाच्या तरी बंद खिडकीच्या आत. सोसायटीचे पैसे त्या रविवारी कुठे गेले, ते यात आलं.

मग धूर निरुपयोगी का? नाही. रुग्णाला चावून विषाणू घेतलेली मादी आठवडे जगू शकते. तिला मारायचा तोच एक झटपट उपाय. म्हणून पालिकेच्या लोकांनी त्या मुलीच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत, आतून, संध्याकाळी धूर केला. रुग्ण निघाला की लगेच आणि घराच्या आत, एवढ्यापुरता धूर कामाचा. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघाले, तोही याच डासाचा आजार, आणि पद्धतही हीच. दर रविवारचा कार्यक्रम म्हणजे आरती.

(नदीकाठच्यांनी हे सगळं जसंच्या तसं घेऊ नये. रात्रभर गुणगुणणारा, जलपर्णीतून येणारा डास बहुतेक क्युलेक्स असतो. त्याने डेंग्यू होत नाही, आणि फ्रिजचा ट्रे धुऊन तो कमी होणार नाही.)

घरात धूर करणार असतील तर गॅस बंद, देवाजवळचा दिवा आणि उदबत्तीही बंद. डिझेलची वाफ आहे, पेट घेते. पिण्याचं पाणी आणि अन्न झाका, बाळाची खेळणी, दुपटी कपाटात टाका. माशांची टाकी असेल तर झाकून तिचा हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण पायरेथ्रॉइड माशांना फार विषारी असतं. मांजरालाही सोसत नाही, पक्ष्याचा पिंजरा बाहेर न्या. पंखे बंद करा, पडदे वर घ्या, मग सगळ्यांनी बाहेर पडून दारं-खिडक्या लावून अर्धा तास थांबा. परत आल्यावर सगळं उघडून आणखी अर्धा तास हवा खेळू द्या, आणि ओटा, फरशी पुसून मगच बाळाला खाली सोडा. रांगणारं मूल सगळं चाटतं.

रस्त्यावरून धूर जात असेल तर मी खिडक्या उघडते आणि सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटं धुराच्या उलट बाजूला खाली नेते. पण दमा असलेलं कुणी असेल, बाळ अगदी तान्हं असेल, कुणी गरोदर असेल आणि घराबाहेर जाता येत नसेल, तर माझं ऐकू नका, खिडक्या लावा. धुरानंतर खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा. माझ्या नवऱ्याला डिझेलच्या वासानेच रात्रभर खोकला आला होता, औषधाचा त्यात फारसा हात नसावा.

बाकी आठवड्यातून एक दिवस सगळं साठलेलं पाणी ओता, आणि नुसतं ओतू नका, काथ्याने कडा घासा. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात, सुकली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. मनीप्लांट मातीत लावा. मामांनी अजून लावलेला नाही.

आता एक गोष्ट राहिली. चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस लागतात, आणि त्याआधी विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला ८ ते १२ दिवस. म्हणजे त्या मुलीला चावलेली मादी गणपती बसायच्या सुमारासच कुठेतरी पाण्यातून बाहेर पडलेली होती. शनिवारी सापडलेल्या अळ्यांचा, माझ्या काय नि त्यांच्या काय, तिच्या तापाशी काही संबंध नव्हता. हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही.