‘सम’ नेमकं कशाचं? एफआयआर फिल्टरच्या चार प्रकारांची नावं

«पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. लिनिअर फेज एफआयआर फिल्टरचा टाइप टू एका पुस्तकात ‘इव्हन’ आहे, दुसऱ्यात ‘ऑड’. मी ‘सम सममित’ लिहिलं तर मुलं विचारतात, मॅडम, दोनदा सम कशाला? अँटिसिमेट्रिकला ‘विषममित’ चालेल का? आणि झीरोला नुसतं ‘शून्य’ म्हणू का? – एक शिक्षिका, सोलापूर»

ताई, मुलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. पुस्तकं दोन्ही खरी आहेत, फक्त एकजण लांबी मोजतोय आणि दुसरा घात. एफआयआर फिल्टर संकेताच्या लागोपाठच्या नमुन्यांना ठरावीक आकड्यांनी गुणून बेरीज करतो, आणि ते आकडे म्हणजे त्याचे सहगुणक. चार सहगुणकांचा फिल्टर म्हणजे z⁻¹ ची तीन घाताची बहुपदी. लांबी सम असली की घात विषम, आणि उलटही तसंच. इंग्रजीतल्या ‘ऑर्डर’ला काही जण ‘कोटी’ लिहितात. मी ते टाळतो, कारण कोटी म्हटलं की आपल्याकडे पोरं रुपये मोजायला लागतात. शाळेतला ‘घात’ त्यांना आठवीपासून ठाऊक आहे. माझी सूचना अशी की टिपणात सम-विषम हे शब्द फक्त लांबीसाठी राखून ठेवा, आणि पहिल्याच पानावर तसं स्पष्ट लिहा.

म्हणूनच ‘विषममित’ नको. ‘विषम’ हा शब्द लांबीच्या कामाला जुंपलेला आहे. ‘विसममित’ही सुचवलेलं पाहिलंय, पण ते ‘असममित’च्या फार जवळचं वाटतं. ऐकणाऱ्याला वाटतं की इथे सममिती मोडली. प्रत्यक्षात ती मोडलेली नसते. डावीकडे 3 असेल तर उजवीकडे नेमक्या त्याच अंतरावर −3 असतो, शिस्त तितकीच कडक. ‘प्रतिसममित’ घ्या. ‘प्रतिबिंब’मधलं आरशातलं ‘प्रति’ आणि ‘प्रतिपक्ष’मधलं विरोधाचं ‘प्रति’ असे दोन्ही अर्थ त्यात एकदम बसतात, आणि इथे दोन्ही हवेच आहेत.

‘सममित’मधला ‘सम’ मात्र काढता येणार नाही. तो संस्कृतातला मूळचा ‘सारखा’ या अर्थाचा सम आहे. दोनाने भाग जाणारी संख्या हा त्याचा दुसरा धंदा. म्हणून ‘सम सममित’ न लिहिता ‘समलांबी सममित’ लिहा. जरा लांबलचक होतं, पण कोणता सम कशाचा हे तरी कळतं.

आता हा लांबीचा भेद मुलांना कसा पटवायचा? आपल्याकडे सोपी युक्ती आहे. ‘चिमा काय कामाची’ उलटं वाचा. ऱ्हस्वदीर्घाकडे कानाडोळा केला तर तेच येतं. अक्षरं सात, आणि मधोमध एकटा ‘य’. ‘रामाला भाला मारा’ पाहा: सात अक्षरं, मध्ये ‘भा’. आपल्या ओठांवरची अशी बहुतेक वाक्यं विषमलांबीच आहेत, कारण समलांबी वाक्याला अगदी मध्यावर एकच अक्षर लागोपाठ दोनदा यावं लागतं. ते आपल्याला जमतं कुठे, तर ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’मध्ये. तिथे आरसा अक्षरावर उभा नसतो, दोन अक्षरांच्या फटीत असतो. चादरीच्या नक्षीतही हेच दिसेल: मधला धागा एकटा असेल तर आरसा त्या धाग्यावर, नाहीतर दोन धाग्यांच्या मध्ये.

हा फटीतला आरसाच फिल्टरला अडचणीत आणतो. जागा 0 पासून मोजा. वीस सहगुणक असतील तर 0 ची जोडी 19 शी, 1 ची 18 शी, 2 ची 17 शी. प्रत्येक जोडीची बेरीज 19, म्हणजे विषम. म्हणून जोडीतला एकजण नेहमी सम जागेवर आणि दुसरा विषम जागेवर बसतो. एकवीस असतील तर बेरीज 20 येते आणि जोडीतले दोघेही सम जागेवर नाहीतर दोघेही विषम जागेवर असतात. मधला दहावा एकटा राहतो. पुढचं सगळं एवढ्यावरच उभं आहे.

फिल्टरमधून जाऊ शकणारी सर्वांत जलद लहर म्हणजे +1, −1, +1, −1 अशी दर नमुन्याला चिन्ह पालटणारी. सेकंदाला 1000 नमुने घेत असाल तर ती 500 हर्ट्झची. बहुपदीत तिची जागा z = −1. तिथे फिल्टर काय देतो ते काढायचं तर सहगुणकांना आळीपाळीने अधिक आणि उणे लावून बेरीज करायची. सर्वांत संथ, म्हणजे अजिबात न हलणाऱ्या संकेतासाठी z = 1, आणि तिथे साधी बेरीज.

समलांबी सममित घ्या. जोडीतले दोघे सारखे, पण एक सम जागेवर आणि एक विषम. आळीपाळीच्या बेरजेत एकाला अधिक मिळतं, दुसऱ्याला उणे, आणि जोडी आपोआप फिटते. सगळ्याच जोड्या फिटतात. आकडे कोणतेही घाला, z = −1 ला उत्तर शून्यच. हाच तो टाइप टू. त्याच्याकडून हायपास होणार नाही, कारण जे सगळ्यात वरचं राखायचं तेच तो पुसून टाकतो.

मुलांना हे फळ्यावर करू द्या. एखादा हुशार मुलगा म्हणेल, मधले आकडे उणे करू. 1, −3, −3, 1 घ्या. आळीपाळीने: 1 + 3 − 3 − 1 = 0. मग तो म्हणेल, आकड्यांची चिन्हंच आळीपाळीने पालटू, म्हणजे सगळे अधिक होतील. 1, −3, 3, −1 घेतलं की खरंच 1 + 3 + 3 + 1 = 8. पण आता त्याला ती ओळ पुन्हा वाचायला सांगा. पहिला 1, शेवटचा −1. ती सममित राहिलेलीच नाही, प्रतिसममित झाली. म्हणजे टाइप टू सोडून तो टाइप फोरमध्ये आला. तिथे साधी बेरीज 1 − 3 + 3 − 1 = 0, म्हणून शून्य आता z = 1 ला. समलांबी प्रतिसममित फिल्टर हायपास होऊ शकतो, पण सगळ्या लहरींना 90 अंशांचा जादा फेज देतो. लहरीचा आकार जसाच्या तसा हवा असेल तर तो नको.

तीच युक्ती पाच आकड्यांवर करा: 1, 4, 6, 4, 1 चं 1, −4, 6, −4, 1 झालं तरी सममिती शाबूत राहते. आळीपाळीची बेरीज 16. हा विषमलांबी सममित, टाइप वन, आणि याच्यावर कोणतीच सक्ती नाही. या ओळीची साधी बेरीज शून्य आहे, पण ते आपण निवडलेल्या आकड्यांमुळे. आकडे बदला, शून्य जाईल. ‘आहे’ आणि ‘असावंच लागतं’ यांतला हा फरक टिपणात जरूर लिहा. परीक्षेत नेमके इथेच गुण जातात.

उरला टाइप थ्री, विषमलांबी प्रतिसममित. साध्या बेरजेत तर सगळ्या प्रतिसममित जोड्या फिटतातच. इथे जोडीतले दोघे एकाच तऱ्हेच्या जागेवर असल्यामुळे आळीपाळीच्या बेरजेतही त्यांना एकच चिन्ह मिळतं आणि त्या पुन्हा फिटतात. मधला एकटा स्वतःच्याच उणे असायला हवा, आणि तशी संख्या एकच: 0. दोन्ही टोकं गेली, म्हणून लोपास नाही, हायपासही नाही. 1, 0, −1 हे त्याचं सर्वांत छोटं रूप. ‘पुढच्यातून मागचा वजा’ असा उतार काढायला ते चांगलं, पण +1, −1, +1, −1 त्याला दिलं तर तो सगळं सपाट आहे म्हणून सांगतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. वरचा परिच्छेद नुसता ‘शून्य’ वापरून लिहा: ‘मधला सहगुणक शून्य, 1 आणि −1 येथे शून्य, म्हणून तिथे उत्तर शून्य.’ तीन शून्यं, तीन अर्थ. म्हणून बहुपदीच्या झीरोला ‘शून्यस्थान’ म्हणा. किंमत ती शून्य, आणि जिथे ती येते ते शून्यस्थान. वर्गसमीकरणाची ‘मुळे’ मुलांना माहीत असतात, तेव्हा एकदा ‘म्हणजे बहुपदीची मुळे’ असं सांगून टाका. लांबी आणि सममितीमुळे येणारं ते ‘सक्तीचं शून्यस्थान’. ‘अनिवार्य’ही चालेल, मला ते जरा सरकारी वाटतं.

(‘रेषीय कला’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत. फेजला ‘कला’ म्हणणं पदार्थविज्ञानात रुळलेलं आहे, पण ‘रेषीय कला’ वाचलं की मला ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षाच आठवते. ‘लिनिअर फेज’ तसंच ठेवा.)

शब्दांचा हा गोंधळ नुसता कागदावरचा नाही. समजा मुलांनी यंत्रमागाच्या हादऱ्याची नोंद 1000 हर्ट्झने घेतली आणि 100 च्या खालचं काढून टाकायचं ठरवलं. एकजण पायथनमध्ये लिहितो:

```python
from scipy.signal import firwin
h = firwin(20, 100, pass_zero=False, fs=1000)
```

त्याला उत्तर मिळतं: `A filter with an even number of coefficients must have zero response at the Nyquist frequency.` यातली Nyquist frequency म्हणजे आपली तीच 500 हर्ट्झची सर्वांत जलद लहर. शेजारचा मॅटलॅबमध्ये `fir1(20, 0.2, 'high')` लिहितो आणि त्याचं बिनबोभाट चालतं. दोघांनीही 20 च दिले. पण `firwin` ला लांबी लागते आणि `fir1` ला घात. दुसऱ्याला 21 सहगुणक मिळाले, म्हणजे टाइप वन. त्याने 19 दिले असते तर `fir1` ने इशारा देऊन घात स्वतःच 20 केला असता. पहिल्याने 21 लिहिलं की त्याचंही काम होतं.

खरी पंचाईत तिसऱ्याची, ज्याने वीस सममित सहगुणक हाताने सूत्रातून काढले. त्याला कोणीच अडवत नाही. आलेख काढला तर 100 च्या वर पट्टा उचललेला दिसतो आणि 500 कडे जाताना खाली घसरतो. आलेख 400 वरच थांबवला तर तेही पुरतं दिसत नाही. त्याला आळीपाळीची बेरीज करायला सांगा. शेवटच्या दशांशाची चूक सोडली तर ती शून्य येईल, आणि त्याची चूक सूत्रात नसून ‘सम’मध्ये आहे हे त्याचं त्यालाच दिसेल.