फेलोशिपच्या पत्रात ‘आत्ताच का’ आणि ‘मीच का’ हे कसे लिहावे?

प्रश्न: मी दोन वर्षांपासून एका जिल्हा दैनिकात वार्ताहर आहे. एका पत्रकारिता फेलोशिपच्या अर्जासोबत दोन पानी पत्र मागितले आहे. कोणत्या विषयावर वार्तांकन करणार, ते आत्ताच का आणि त्यासाठी तुम्हीच का, हे त्यात लिहायचे आहे. माझा विषय चांगला आहे, पण पत्र भाषणासारखे वाटते. काय करू?

उत्तर:

असे पत्र मी दोनदा लिहिले. पहिल्यांदा अर्ज नाकारला गेला आणि पुढच्या वर्षी जवळपास त्याच विषयावर फेलोशिप मिळाली. दोन्ही पत्रे आजही माझ्याकडे आहेत, म्हणून त्यांच्यातला फरकच सांगते.

माझा विषय होता बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. पहिल्या पत्राची सुरुवात अशी होती: ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न अत्यंत गंभीर असून त्याकडे समाजाने लक्ष देणे गरजेचे आहे.’ या वाक्यात खोटे काहीच नाही, पण ते कोणालाही लिहिता आले असते. निवड करणाऱ्याला त्यातून मी कोणाच्या दारात जाणार, काय विचारणार आणि परत येताना माझ्या वहीत काय असणार, यातले काहीही कळत नव्हते. मी विषय सांगितला होता, प्रश्न सांगितला नव्हता. तुमचे पत्र भाषणासारखे वाटते त्याचेही कारण बहुधा हेच असावे.

दुसऱ्या वेळी पत्र लिहायला बसण्याआधी मी दोन दिवस एका गावात जाऊन आले. हे दोन दिवस पदरचे पैसे आणि साप्ताहिक सुट्ट्या घालून काढावे लागतात, पण त्यांच्याशिवाय पत्र उभे राहत नाही. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी मला चौथीचा हजेरीपट दाखवला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळ्या ओळी भरलेल्या होत्या आणि सुट्टीनंतर नऊ मुलांपुढे सलग गैरहजेरीच्या खुणा होत्या. गावातील ऊसतोड मजुरांची टोळी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये बसून सांगलीकडे गेली होती. मजुरांच्या मुलांनी आजी-आजोबांजवळ गावातच राहून शिकावे, म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालवले जाते, म्हणजे मुलांना सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते. त्या वसतिगृहाच्या जेवणाच्या नोंदवहीतली पहिली नोंद टोळी गेल्यानंतर चोविसाव्या दिवसाची होती. आजीला दोन वेळचा स्वयंपाक झेपत नाही आणि जेवणाची सोय अजून व्हायची आहे, अशा वेळी मूल आईबापांबरोबर गाडीत बसते. एकदा ते उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायला गेले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सहसा परत येत नाही.

तिथे मला माझा प्रश्न सापडला. पत्राचे पहिले वाक्य असे झाले: ‘टोळी गाव सोडते तो दिवस आणि हंगामी वसतिगृहात पहिले ताट वाढले जाते तो दिवस, यांत किती दिवसांचे अंतर पडते, ते कोणत्या टेबलावर पडते आणि त्या दिवसांत कोणती मुले गाडीत बसतात, हे मी एका तालुक्यातील सहा गावांत शोधणार आहे.’ याचे उत्तर कागदांत आणि माणसांकडे मिळू शकते, आणि ते चुकीचेही ठरू शकते. ही शक्यता मी पत्रात मोकळेपणाने मांडली. सहापैकी काही गावांत वसतिगृह वेळेवर सुरू झालेले आढळले, तर तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीला ते कसे जमले ही बातमी होईल, असे लिहिले. अंदाज चुकला तरी पैसे वाया जाणार नाहीत, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.

आता ‘आत्ताच का’. इथे बहुतेक जण आकडे, एखादी ताजी घटना किंवा ‘आज कधी नव्हे इतकी गरज’ असले काहीतरी लिहितात. मीही पहिल्या पत्रात तेच केले होते. हा परिच्छेद खरे तर दिनदर्शिकेचा आहे. तुमच्या विषयात कोणती गोष्ट ठरावीक काळातच डोळ्यांनी पाहता येते आणि नंतर फक्त ऐकून लिहावी लागते, हे शोधा. माझ्या विषयात ते सोपे होते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, दसऱ्यापासून गावे रिकामी होऊ लागतात आणि माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. वसतिगृहाचे प्रस्ताव हलतात तेही याच सुमारास. म्हणून मी लिहिले की सहा महिन्यांची फेलोशिप जुलैत सुरू झाली तर मुले गाडीत बसताना मी गावात असेन. जानेवारीत सुरू झाली तर मला फक्त कुलपे आणि म्हातारी माणसे भेटतील. माझ्या मते संपूर्ण पत्रात सर्वांत जास्त काम याच वाक्याने केले.

कागदांचेही वेळापत्रक असते. माहितीच्या अधिकारातील अर्जाला उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची आहे, पहिले अपील निकाली काढायला 30 आणि कारण नोंदवून जास्तीत जास्त 45 दिवस लागू शकतात. शिवाय महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असते, त्यामुळे प्रस्तावाच्या तारखा, मंजुरीच्या तारखा आणि निधी शाळेच्या खात्यात जमा झाल्याच्या तारखा यांसाठी मी तीन वेगळे अर्ज धरले होते. ते जुलैत टाकले, एखाद्यावर अपिलात जावे लागले, तरी कागद ऑक्टोबरपर्यंत हाती येतात, ही गणिती ओळ मी पत्रात जशीच्या तशी लिहिली. तुमचा विषय वेगळा असेल तर त्याची तारीखही वेगळी असेल. ऊसतोडणीच्या दराचा करारही काही वर्षांसाठीच असतो, आणि त्यावर लिहायचे असेल तर तो संपण्याच्या आधीचा हंगाम हेच ‘आत्ता’ होय.

‘मीच का’ याचे उत्तर देताना मुली विशेषतः दोन टोकांना जातात. एकतर फार नम्र होतात, नाहीतर आपल्या कष्टांची कहाणी सांगतात. यातले काहीच नको. या कामाला लागणारी कोणती गोष्ट तुमच्याकडे आहे, तेवढे लिहा. माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. माझे आजोळ याच भागातले असल्यामुळे आज्या आणि सुना माझ्याशी चुलीपाशी बसून बोलतात. हजेरीपट आणि शाळेच्या नोंदी मला वाचता येतात, कारण आई अंगणवाडी सेविका असल्याने मी असल्या वह्यांतच वाढले. तिसरी गोष्ट लिहू की नको, यावर मी आठवडाभर अडले होते. माझे एक मामा मुकादम आहेत, म्हणजे मजुरांना उचल देऊन टोळी बांधणारे. शेवटी मी ते स्पष्ट लिहिले, त्यांच्या टोळीतील एकाही कुटुंबाशी या कामासाठी बोलणार नाही असे सांगितले आणि म्हणूनच त्यांच्या गावापासून दूरची सहा गावे निवडल्याचे कळवले. मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच आला, आणि उत्तर आधीच कागदावर असल्यामुळे मला अडखळावे लागले नाही.

या परिच्छेदाला दुसरी बाजूही आहे: हीच फेलोशिप का. पहिल्या पत्रात मी संस्थेचे कौतुक केले होते आणि ते अगदीच निरुपयोगी होते. दुसऱ्या वेळी त्यांच्या आधीच्या फेलोंचे लेख वाचून काढले. ते बहुतेक धोरण आणि अंमलबजावणी यांतल्या फटीवर होते. ही संस्था एकदाच छापून विषय सोडत नसे, महिनाभर त्याच गावांत परत जायला सांगे. माझ्या दैनिकाला नेमके हेच परवडत नाही. आम्हाला दिवसाला तीन बातम्या द्याव्या लागतात आणि सहा गावांत तीन तीन फेऱ्या कोणताही संपादक देऊ शकत नाही. हे मी तक्रारीच्या सुरात न लिहिता साधी वस्तुस्थिती म्हणून लिहिले आणि सोबत संपादकांचे पत्र जोडले की लेख मराठीत तीन भागांत छापले जातील. छापण्याची हमी नसलेला अर्ज कितीही चांगला असला तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका राहते, म्हणून हे पत्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

खर्चाबद्दल थोडेच सांगते. आकडा फुगवू नका आणि मुद्दाम कमीही दाखवू नका. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, मी अर्धेच धरले. मात्र गावाच्या फाट्यापासून आत जाणारी जीप, सांगलीच्या बाजूला फडावरची एक फेरी आणि तिथला चार रात्रींचा मुक्काम पूर्ण दराने धरला. असा हिशेब पाहिला की लिहिणारी व्यक्ती रस्ता ओळखते, हे कळते.

मुलांविषयी लिहिणार असाल तर एक परिच्छेद त्यांच्या सुरक्षिततेसाठी ठेवा. नावे बदलणार, चेहरा दिसणारे छायाचित्र छापणार नाही, पालक फडावर असतील तर त्यांची संमती फोनवर घेऊन परतल्यावर पुन्हा विचारणार, असे मी लिहिले होते. उचल घेतलेले आईबाप मुकादमाच्या धाकात असतात, त्यामुळे त्यांनी आज दिलेला होकार उद्या त्यांना अडचणीत आणू शकतो. म्हणून छापण्याआधी त्यांना मजकूर वाचून दाखवण्याचेही मी वेळापत्रकात धरले.

पाठवण्यापूर्वी पत्र पत्रकार नसलेल्या, पण तो विषय रोज हाताळणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या. मी ते त्याच शाळेच्या गुरुजींना दिले. त्यांनी फक्त एका शब्दावर बोट ठेवले. गावातून गेलेल्या सगळ्या मुलांना मी ‘शाळाबाह्य’ म्हटले होते. ते म्हणाले, ‘‘ताई, महिनाभर सलग गैरहजर राहिल्यावर मूल शाळाबाह्य धरतात. गेल्या आठवड्यात गेलेलं मूल आमच्या वहीत स्थलांतरित असतं, आणि त्याला तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवायचं असतं. तुम्ही दोन्हींना एकच नाव दिलंत, तर आमचा अधिकारी तुमचा लेख पहिल्याच ओळीत खोडून टाकेल.’’ मी तो शब्द तीन ठिकाणी बदलला, कार्ड किती मुलांबरोबर खरोखर गेले हा प्रश्न सहा गावांच्या यादीत जोडला आणि त्याच संध्याकाळी अर्ज पाठवला.