कलम २१ मधले नवे हक्क: कोणता धरावा, कोणता नाही

प्रश्न: "कलम २१ च्या यादीत दरवर्षी नवे हक्क वाढतात. त्यातले खरे कोणते धरायचे?"

यादी पाठ करू नका. प्रत्येक हक्कापुढे दोन गोष्टी लिहा: खंडपीठ किती न्यायाधीशांचं होतं, आणि त्या हक्काशिवाय निकाल तोच लागला असता का. लागला असता, तर ते बहुधा ओघात केलेलं विधान आहे. ते मार्गदर्शक असतं, बंधनकारक नसतं.

'मरणाचा हक्क' घ्या. १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात दोन न्यायाधीशांनी तो मान्य केला आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, मात्र नैसर्गिक मृत्यू जवळ आलेल्या माणसाला सन्मानाने मरता आलं पाहिजे, असं त्यांनी म्हटलं. याच धाग्यावर २०१८ मध्ये कॉमन कॉज खटल्यात पाच न्यायाधीशांनी निष्क्रिय दयामरण आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. त्यामुळे आज नुसतं 'मरणाचा हक्क' लिहिलं तर उत्तर चूक, 'सन्मानाने मरण्याचा हक्क' लिहिलं तर बरोबर.

इंटरनेटवर तर सर्रास घसरगुंडी होते. अनुराधा भसीन (२०२०) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटला कलम २१ खाली हक्क म्हटलेलंच नाही. इंटरनेटद्वारे अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना कलम १९ चं संरक्षण आहे, एवढंच ठरलं. इंटरनेट मिळण्याच्या हक्काचा मुद्दा कुणी मांडलाच नव्हता, म्हणून त्यावर न्यायालयाने मत दिलं नाही. कलम २१ शी त्याची सांगड घातली ती केरळ उच्च न्यायालयाने, २०१९ च्या फहीमा शिरीन खटल्यात, आणि उच्च न्यायालयाचा निकाल देशभर बंधनकारक नसतो.

आता उलट बाजू. हक्क पक्का असला तरी हातात काय पडतं, हेही बघा. ओल्गा टेलिस (१९८५) खटल्यात मुंबईच्या फुटपाथवासीयांसाठी पाच न्यायाधीशांनी उपजीविकेला कलम २१ मध्ये स्थान दिलं. पण फुटपाथवरून हटवणं बेकायदा ठरलं नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३१४ विनानोटीस अतिक्रमण हटवू देतं. तेही वैध ठरलं. फक्त ती मुभा अपवादानेच वापरायची, एरवी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यायची, असा त्याचा अर्थ न्यायालयाने लावला. शिवाय पावसाळ्यामुळे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत मुदत मिळाली. कलम २१ 'कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीने' हक्क काढून घेऊ देतं, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालापासून ती कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असावी लागते. म्हणून परीक्षेत 'उपजीविकेचा हक्क मिळाला' एवढ्यावर थांबू नका, 'म्हणून न्याय्य कार्यपद्धतीशिवाय हटवता येत नाही' हे पुढचं वाक्य लिहा. गुण त्यालाच आहेत.