रंग मानेवर उतरू नये म्हणून

ठाण्याच्या दमट हवेत केसांना लावलेला रंग ओघळतो तो बहुतेक घामामुळे. म्हणून व्हॅसलीन लावण्याआधी कपाळ, कानामागची जागा आणि मान कोरडी पुसून घे. ओल्या कातडीवर ते टिकत नाही. त्याचा पातळ थर केसांच्या रेषेपासून अर्धा सेंटिमीटर खाली दे. केसांना लागलं तर तिथे रंग चढत नाही, आणि नेमके कपाळावरचे पांढरे केस तसेच राहतात. कानांच्या पाळीवर आणि मागच्या घडीतही बोट फिरव.

रंग लावून झाला की मागचे केस वर घेऊन प्लास्टिकच्या क्लिपने सैलसर अडकव. धातूची क्लिप नको, रंगात मिसळतो त्या डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडशी तिची प्रक्रिया होऊ शकते.

आता कापसाची बोटभर जाड पट्टी वळून रेषेला लाव, कपाळापासून कानामागून मानेपर्यंत. घट्ट दाबू नकोस, नाहीतर ती मुळांवरचाच रंग शोषून घेते. दर दहा मिनिटांनी बघ. पट्टी रंगाने भिजली असेल तर लगेच बदल, कारण भिजलेला कापूस रंग अडवत नाही, उलट कातडीला चिकटवून ठेवतो. तिथे डाग तर पडतोच, शिवाय चुरचुरतंही. पट्टी बदलूनही धार येत राहिली तर मिश्रणच पातळ झालंय. प्रमाण पाकिटावर बघ, अंदाजाने डेव्हलपर ओतू नकोस.