मिस्त्री आणि गरम शाफ्ट

"मॅडम, रविवारी आमच्या मिस्त्रींचा सत्कार हाय. मला दोन मिनिटं बोलायला सांगितलंय. लेथ त्यांनीच शिकवला, हे खरं. पण मालकानं माझा पगार कापला त्या दिवशी ते शेजारी उभं राहून गप बसले, हेबी खरं. आता शंभर माणसांत त्यांचं कौतुक केलं, तर ते खोटं न्हाई का?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस, उद्यमनगरात स्वतःचे तीन लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायची यंत्रं, चालवणारा. (त्याच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. 'आपण आमचे दैवत', 'आपले ऋण या जन्मी फिटणार नाही'. वाचताना त्याचा आवाज पडत गेला. खोटं वाटत होतं ते या वाक्यांमुळे. दैवत म्हटलं की त्यात पगाराचा दिवसही येतो, आणि त्याचं मन तिथं अडत होतं.

मी कागद बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, मिस्त्रींनी शिकवलेली एकच गोष्ट सांगा, कुठं उभे होतात तिथपासून.

आधी 'सगळंच शिकवलं' झालं. मग हळूहळू तो दिवस आला. बारा शाफ्टचा, म्हणजे पोलादी गोल दांड्यांचा लॉट, व्यास ५० मिलिमीटर. यानं लेथवरनं काढला न काढला तोच शाफ्ट मायक्रोमीटरनं मोजला, थोडा जास्त दिसला म्हणून आणखी बारीक कट घेतला. माप बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी बारापैकी नऊ शाफ्ट कमी मापाचे निघाले. पोलाद तापलं की फुगतं: ५० मिलिमीटरचा शाफ्ट ४० अंशांनी गरम असेल, तर व्यास ०.०२ मिलिमीटरच्या आसपास जास्त दिसतो. तेवढ्या फरकानं लॉट वाया जातो. आणि जास्तीचं माप पुन्हा कापून काढता येतं, कमी झालेलं भरून येत नाही.

मिस्त्री ओरडले नाहीत. एक नवा शाफ्ट कापून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "मोज." चहा झाल्यावर पुन्हा "मोज." जेवणानंतर तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे खडूनं लेथच्या झाकणावर लिहायला लावले. दर वेळी आकडा उतरलेला. मग एवढंच, "गरम माप खोटं असतंय, लेका."

"म्हणजे मॅडम, माणसानंबी रागाच्या भरात..." असं तो सुरू करणार, तेवढ्यात मी थांबवलं. शाफ्टची गोष्ट शाफ्टचीच राहू दे. त्याऐवजी विचारलं, आज तुमच्या शॉपमध्ये काय वेगळं होतं? तो लगेच खुलला. आधी बाराही शाफ्टचा रफ कट घ्यायचा, लाकडी रॅकवर ठेवायचे. बारावा होईस्तोवर पहिला निवतो. रॅकवर ठेवलेल्या पोलादी पट्टीला आणि शाफ्टला मनगटाची मागची बाजू लावायची. दोन्ही सारखे लागले तरच शेवटचा कट. नवीन पोराला पहिल्या दिवशी खडू देतो.

बोलायला एवढं पुरे होतं: त्या दिवशी काय झालं, मिस्त्री काय म्हणाले, आज मी काय करतो. घरी मोबाईलवर वेळ लावून बघितलं, दीड मिनिट.

पगाराचं मात्र मी बाजूला सारलं नाही. तो राग खरा होता, पण व्यासपीठ त्याची जागा नव्हती. एका धड्याचे आभार मानणं म्हणजे माणसाच्या सगळ्या वागण्याला सर्टिफिकेट देणं नव्हे. रागाचं वेगळं पत्र लिहायला सांगितलं, द्यायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं. शिकवणाऱ्यानं मारलं, पिळून घेतलं असेल, तर मी आभाराचं काम देतच नाही. तिथं आधी दुखणं बोललं पाहिजे.

मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आभाराचं पत्र स्वतः नेऊन देण्याचा प्रयोग तपासला. लिहिणाऱ्यांना महिनाभर बरं वाटलं, तीन महिन्यांनी तो फरक उरला नव्हता. म्हणून सत्कारानं मन कायमचं हलकं होईल असं मी त्याला सांगितलं नाही. कुमार आणि एप्ली यांचा २०१८ चा अभ्यास मात्र सांगितला: आभार मानणाऱ्याला वाटतं समोरचा अवघडेल, पण तो आपल्या अंदाजापेक्षा कमी अवघडतो आणि जास्त सुखावतो.

सोमवारी फोन आला. शाल-श्रीफळ झालं, फेटा बांधलेले मिस्त्री खाली मान घालून ऐकत होते. "पन्नासचा शाफ्ट" हे शब्द आले तशी मान वर झाली आणि खुर्चीतनंच आवाज आला,

"पन्नासचा न्हवं, साठचा हुता. आन् नऊ न्हाई, दहा गेलं हुतं."

पगाराचं पत्र अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे.