परिपाठातल्या भाषणाबद्दल

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचा कच्चा मसुदा वाचला. श्रावणबाळ आला, पुंडलिक आला, शेवटी ‘म्हणून मोठ्यांचे ऐका’ आलं. आणि खाली तूच लिहिलंस, ‘सर, हे बोलताना मलाच खोटं वाटतंय.’ वाटणारच. ही मुलं रोज सकाळी प्रतिज्ञेत ‘वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन’ म्हणतात आणि घरी आजोबा बोलायला लागले की म्हणतात, ‘हे तुम्ही सांगितलंय.’ तुझं भाषण या एका वाक्यावर हवं. बाकी सगळं खोड.

आजोबांची तीच गोष्ट पुन्हा ऐकायची. तुझा विषय एवढाच आहे.

मुलांना सिमुलुए बेटाची हकिकत सांग. इंडोनेशियात, सुमात्राच्या पश्चिमेला हे बेट आहे. 1907 साली तिथे मोठा भूकंप झाला, समुद्र आधी मागे हटला, मग भिंतीसारखा आत आला आणि खूप माणसं गेली. वाचलेल्यांनी त्या लाटेला ‘स्मोंग’ म्हटलं आणि ती गोष्ट नातवंडांना सांगत राहिले. अंगाईत सांगितली, गाण्यात सांगितली. जमीन जोरात हलली आणि पाणी ओसरलं, तर सामान उचलत बसू नका, डोंगराकडे पळा. पुढे 97 वर्षं तीच गोष्ट. किती पोरांनी तिथेही तोंड वाकडं केलं असेल!

26 डिसेंबर 2004 ला सकाळी जमीन हलली. बेटाच्या उत्तर टोकाला लाट दहा मिनिटांच्या आत पोचली. भोंगा नव्हता, हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. ‘स्मोंग, स्मोंग’ ओरडत माणसं डोंगरावर गेली. बेटावर सुमारे 78 हजार लोक होते, त्यातले 7 गेले. जवळच्याच आचे प्रांताच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून अधिक माणसं गेली. डोंगर गावाला लागून होते याचाही त्यात वाटा आहे, मुलांना तेही सांग. पण डोंगराकडे कधी पळायचं हे डोंगर सांगत नाही.

ही गोष्ट मी परिपाठात सांगितली तेव्हा तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, ‘पाचवीच्या पोरांना इंडोनेशिया कशाला?’ मी पुढच्या वर्षी पुन्हा सांगितली. त्यानंतर माझ्याकडून परिपाठ काढून घेतला, याची खंत आजही आहे. तरी मी हट्टी नव्हतो. श्रावणबाळाच्या गोष्टीत पोरं फक्त कावड उचलतात. त्या आंधळ्या म्हाताऱ्यांना काय सांगायचं होतं, हे कुणी विचारत नाही.

आता एक वाक्य, ते वेळ संपली म्हणून गाळलंस तर माझ्याशी बोलू नकोस. लक्ष देऊन ऐकायचं म्हणजे कुणीही मोठा म्हणेल ते करायचं असं नाही. कुणी मोठा माणूस नको तिथे हात लावत असेल किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हणत असेल, तर त्याचं मुळीच मानायचं नाही. ओरडायचं, तिथून पळायचं, विश्वासाच्या माणसाला लगेच सांगायचं. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घे. नुसतं ‘मोठ्यांचे ऐका’ म्हणून खाली उतरणारे शिक्षक मला बेजबाबदार वाटतात, मग ते कितीही गोड बोलोत.

मग घरचा अभ्यास दे. आजी किंवा आजोबांना त्यांची नेहमीची गोष्ट पुन्हा सांगायला लावायची आणि या वेळी मध्ये एक प्रश्न विचारायचा. प्रश्न नेमका हवा. ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ विचारलं की आजोबा ‘फार कष्ट होते गं’ म्हणून थांबतात. पासष्टीच्या आसपासचे आजोबा 1972 च्या दुष्काळात तुझ्या मुलांएवढेच होते. त्यांना विचारायला लाव, ‘तेव्हा भाकरी कशाची खायचात?’ मग मिलो निघेल, ती बाहेरून आलेली लाल ज्वारी. सुकडी निघेल. खडी फोडायला आईबरोबर कोण जायचं, तेही निघेल. एका पोराने मला येऊन सांगितलं होतं, ‘सर, आजोबांना मिलोची भाकरी आवडायची नाही, म्हणून ते मला ताटात टाकू देत नाहीत.’ रोजची कटकट त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. पुन्हा ऐकल्यामुळे, दुसऱ्या कशामुळे नाही.

ज्याच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्याने शेजारच्या काकूंना किंवा शाळेच्या मावशींना विचारावं. हे आधीच सांगून टाक, नाहीतर ते पोर मान खाली घालून उभं राहतं.

चार मिनिटांत संपव. पाचवीच्या रांगा आधी सावलीत बसव. आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात तू बोलू नकोस, तीन पोरांना घरी काय ऐकलं ते सांगू दे. तिसरं पोर पहिल्याचंच पुन्हा सांगेल. थांबवू नकोस.

तुझे,
सर