प्लेटवरची फट डोळ्याने नाही, पट्टीने

प्रश्न: नंबर प्लेटवरच्या आकड्यांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर सरकारने मिलिमीटरमध्ये कशाला ठरवायचं? नंबर वाचता आला म्हणजे झालं ना?

कोणाला वाचता आला म्हणजे झालं? गाडी स्टँडवर लावून समोर बसलेल्या माणसाला काहीही वाचता येतं. प्लेट त्याच्यासाठी नसते. ती असते ठोकर मारून निघून गेलेल्या गाडीकडे बघणाऱ्यासाठी, नाक्यावरच्या हवालदारासाठी आणि खांबावरच्या कॅमेऱ्यासाठी. या तिघांच्या हातात सेकंद-दोन सेकंदच असतात, कॅमेऱ्याच्या हातात तर त्याहूनही कमी.

मी चिपळूणचा पेंटर. दुकानांचे बोर्ड, हर्णै-दाभोळच्या होड्यांची नावं, देवळांच्या कमानी, आणि एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेट, येण्याआधी नंबर प्लेटी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 51 वा नियम मला पाठ आहे, कारण त्याच मापावर पोट चालायचं. मोटारीला उंची 65 मिलिमीटर, रेघेची जाडी 10, दोन आकड्यांमधली फट 10. दुचाकीच्या मागच्या प्लेटवर अक्षरं 35 ची, आकडे 40 चे, दोन्हींची जाडी 7 आणि फट 5. बोर्ड मी आजही हाताने रंगवतो आणि त्यावरचं अंतर डोळ्याने ठेवतो, पण प्लेटवरचं अंतर मी कायम पट्टीनेच मोजलं.

यावरून माझा आणि धाकट्या भावाचा जुना वाद आहे. त्याने रेडियमचा धंदा सुरू केला, रेडियम कापायचा प्लॉटर घेतला, आणि 4141 चं ‘दादा’ नि 214 चं ‘राम’ करून द्यायला लागला. मी बोललो की त्याचं एकच, "अण्णा, तू बोर्डावर अंतर डोळ्याने ठेवतोस ना? मग प्लेटवर मी ठेवलं तर काय बिघडलं? गिऱ्हाईकाला सुंदर दिसतंय ना!"

बिघडतं कसं ते सांगतो. बोर्ड रंगवताना आम्ही उघड्या बाजूची अक्षरं एकमेकांत सरकवतो. इंग्रजी एलच्या पुढे टी आला की टीचा हात एलच्या डोक्यावर घेतो, नाहीतर मधे भोक पडल्यासारखं दिसतं. तिथे ते चालतं, कारण वाचणारा एकेक अक्षर वाचतच नसतो. ‘किराणा’मधला ‘रा’ उडाला तरी लोक किराणाच वाचतात, मागचंपुढचं बघून मन तो भरून काढतं. नंबरात असं काही नसतं. 1317 मधला 3 गेला तर तिथे काय होतं ते बाकीच्या तीन आकड्यांवरून कोणीच सांगू शकत नाही. प्लेटवरचा प्रत्येक आकडा स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी, आणि ती शेजारी कोणता आकडा आहे यावर अवलंबून असता कामा नये.

1317 हा आकडा मी उगाच घेतला नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, गुहागर तालुक्यातले. त्यांच्या स्कूटरची प्लेट मीच रंगवलेली, शेवटचा नंबर 817. एके दिवशी ते घामाघूम होऊन दुकानात आले आणि मोबाइल पुढे केला. पनवेलच्या बाजूला हेल्मेट नसल्याचं ई-चलन त्यांच्या नावावर. "अरे पेंटर, मी या स्कूटरवरून कधी चिपळूणच्या पुढे गेलो नाही रे, आणि हे बघ काय!" त्यांचा आवाज कापत होता. आयुष्यभर कोणाचा पै-पैसा न बुडवलेला माणूस; दंडापेक्षा आपलं नाव कुठेतरी गुन्ह्यात लिहिलं गेलं याचंच त्यांना लागलं होतं.

चलनाबरोबरचा फोटो मी मोठा करून बघितला. स्कूटर राखाडी होती, गुरुजींची पांढरी आहे. एमएच 08, सिरीज तीच. खालच्या ओळीत 817 दिसत होतं खरं, पण तो 8 मला पटेना. 8 ची डावी बाजू गोल असते आणि मधे कंबर आत जाते. इथे डावी बाजू वरपासून खालपर्यंत सरळ उभी, कोपरे टोकदार, म्हणजे आकार इंग्रजी बीचा. शिवाय तो शेजारच्या 7 पेक्षा बराच रुंद. माझी भाची रस्त्यावरचे कॅमेरे बसवण्याच्या कामात आहे, तिला फोटो पाठवला. तिने उलगडा केला तो असा.

त्या फोटोत दोनशे मिलिमीटरची प्लेट साधारण ऐंशी पिक्सेलांत बसली होती, म्हणजे एका पिक्सेलला अडीच मिलिमीटर. नियमातली 5 ची फट तिथे दोन पिक्सेल घेते आणि 7 ची रेघ जवळजवळ तीन. गाडी हलती असल्यामुळे कडा फिसकटतात, तरी दोन पिक्सेलांतून मधला उजेड दिसतो. रेडियमवाल्याने 1 आणि 3 यांच्यात फट ठेवली असेल दीडेक मिलिमीटर. ती एका पिक्सेलातही पुरी मावत नाही. त्या पिक्सेलात थोडा काळा, थोडा पांढरा मिळून करडा होतो. बऱ्याच यंत्रणा वाचण्याआधी चित्राचं निव्वळ काळं-पांढरं करतात, म्हणजे ठरावीक छटेपेक्षा गडद ते सगळं काळं धरतात. करडा पिक्सेल काळ्यात गेला आणि 1 ची उभी रेघ 3 च्या उघड्या तोंडाला वरखाली चिकटली. पुढची पायरी आकडे सुटे करण्याची. सलग काळा ठिपका म्हणजे एक आकडा असं धरलं जातं, म्हणून 1 आणि 3 मिळून एकच ठिपका झाला. तो दिसतो बीसारखा, पण त्या जागी अक्षर येऊच शकत नाही, आकडाच हवा. बीला सगळ्यात जवळचा आकडा 8. चाराऐवजी तीन आकडे मिळाले म्हणून यंत्रणा अडली नाही, कारण तीन आकड्यांचे नंबर खरोखरच असतात. असा 1317 चा 817 झाला. आम्ही त्याच सिरीजमध्ये 1317 टाकून पाहिलं तर राखाडी स्कूटर निघाली, मॉडेल फोटोतलंच.

तिथे 5 मिलिमीटरची फट असती तर हे झालं नसतं. साडेतीन मिलिमीटरचा खेळ आहे सगळा.

गुरुजींची ऑनलाइन तक्रार भाचीनेच भरून दिली. त्यांच्या गाडीचा मागून काढलेला फोटो आणि चलनातला फोटो शेजारीशेजारी लावून, रंगाचा फरक दाखवून. चलन रद्द झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा, नुसतं ‘मी तिथे नव्हतो’ लिहू नका.

आता जाडीचं. प्लेटला मागे जो चमकणारा पांढरा पत्रा असतो तो आलेला उजेड आला तिकडेच परत फेकतो. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा असतो, बहुतेकदा आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड, त्यामुळे पांढरा भाग भगभगीत उजळतो आणि काळं तेवढं काळं राहतं. पण भगभगीत पांढरा आपल्या हद्दीत राहत नाही, तो काळ्या रेघेच्या कडा दोन्ही बाजूंनी खातो. 7 ची रेघ थोडी खाल्ली गेली तरी उरते. नाजूक दिसावी म्हणून 3 ची कापलेली रेघ रात्री जागोजागी तुटते, मग 8 चा 3 होतो, 6 चा 5 होतो. दुसऱ्या टोकाला, गडी रांगडा दिसावा म्हणून जाडजूड रेघ केली तर 8 आणि 6 च्या पोटातली भोकं बुजतात आणि सगळेच आकडे काळे गोळे दिसतात. 40 उंचीला 7 जाडी म्हणजे उंचीचा साधारण सहावा भाग. भोकंही उघडी राहतात आणि रेघही टिकते. ब्रिटनच्या प्लेटवर 79 मिलिमीटर उंचीला 14 ची रेघ आणि 11 ची फट ठरलेली आहे, म्हणजे हिशोब तिथेही तसलाच आहे.

शिवाय त्यांनी अक्षराचं वळणसुद्धा ठरवून दिलंय. आपल्या 51 व्या नियमाचा तक्ता उंची, जाडी, अंतर एवढंच सांगायचा, वळण पेंटरवर सोडलेलं होतं, आणि त्याच मोकळीकीतून हे ‘दादा’ आणि ‘राम’ निघाले. जर्मनीत तर आकार मुद्दाम असे पाडलेत की काळी पट्टी चिकटवून पीचा आर किंवा एफचा ई करता येऊ नये.

माणसाच्या डोळ्याचं म्हणाल तर त्यालाही फटच लागते. नजरेच्या मधोमध असलेलं आपल्याला बारीक दिसतं, पण रस्त्यावर गाडी बहुधा नजरेच्या कडेला असते, आणि कडेला दिसणारे आकार जवळजवळ असले की एकमेकांत मिसळून जातात. एकेक सुटा आकडा तेवढाच मोठा असून वाचता येतो, घोळक्यात येत नाही. अपघाताच्या जागी लोकांना विचारा, ‘पुढे आठ होता, मग काहीतरी गिचमिड’ असंच सांगतात.

आता राहिलेलं. अंतर नीट असलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाल चिखलाने अर्धी प्लेट भरते, तिथे मापं काय करणार? वाकवून वर उचललेली प्लेट, आकड्यांच्या कडेवर चढलेली शोभेची फ्रेम, चौकटीचा स्क्रू 1 च्या शेजारी, या सगळ्याने तोच गोंधळ होतो. नव्या यंत्रणा आकडे सुटे न करता अख्खी ओळ एकदम वाचतात, त्या चिकटलेल्या आकड्यांना थोड्या जास्त सरावलेल्या असतात, असं भाची सांगते. पण त्याही बहुतेक करून नियमातल्या प्लेटी बघून शिकलेल्या असतात, त्यामुळे प्लेट जितकी विचित्र तितकी चुकण्याची शक्यता जास्त. आणि कोणी दुसऱ्याच्या नंबराची हुबेहूब प्लेट लावून फिरला तर फट कितीही बरोबर असो, उपयोग नाही.

1 एप्रिल 2019 पासूनच्या गाड्यांना एचएसआरपी गाडीच्या कंपनीकडूनच येते, ठोकून उठवलेले आकडे, ठरलेलं अंतर, हॉलोग्राम, उघडली तर मोडणारं कुलूप. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती लावायला सांगितलीय, लावून घ्या. माझं निम्मं काम तिने नेलं, तरी सांगतोय. आणि तिच्यावर रेडियम चढवू नका. भाऊ अजून विचारतो, नंबर तोच ठेवून नुसती निळी किनार दिली तर काय होतं? किनार 1 ला टेकली की गुरुजींसारखं कोणाचं तरी चलन फाटतं, हे होतं. त्याच्याकडे प्लॉटर आहे, त्यात अंतराचा आकडा टाकायची जागा आहे. तिथे दुचाकीसाठी 5 टाक आणि मग हवी तेवढी गिऱ्हाईकं घे, एवढंच मी त्याला सांगत आलोय.